कांदा निसटतोच कसा?

फोन आला तेव्हा मी डेडलाइनच्या टेन्शनमध्ये होते. पलीकडे माझा मामेभाऊ. 'हॅलो' वगैरे काही नाही, डायरेक्ट सुरुवात, ''ताई, तुह्या रेसिपीनं पार वाट लावली वं माही!''

किस्सा असा, की काही महिन्यांपूर्वी मी याच कॉलममध्ये वीकेंड स्नॅक्सवर लिहिलं होतं. त्यात अनियन रिंग्जला चार ओळी दिल्या होत्या. कांद्याच्या गोल चकत्या करा, बॅटरमध्ये बुडवा, गरम तेलात तळा, सॉससोबत द्या. झालं! पेज भरलं, चेक आला, मी विसरून गेले. पण फुलसावंगीत माझ्या या भावाची भज्यांची हातगाडी आहे. त्याने ते कटिंग जपून ठेवलं, गाडीवर 'अनियन रिंग ४० रुपये, ६ नग' अशी पाटी लावली आणि कॉलेजच्या पोरांना खाऊ घालायला सुरुवात केली. पहिल्याच आठवड्यात पोरांनी नाव पाडलं, 'साप भजे'. कारण? एक घास घेतला की आतला अख्खा कांदा सळसळत बाहेर यायचा. हातात उरायचं रिकामं, तेलकट कवच. दोन आठवड्यांत पाटी उतरली. मैदा, कॉर्नफ्लोअर, तेल आणि वर झालेला पोपट, सगळं माझ्या चार ओळींच्या खात्यावर.

गिल्ट नावाची गोष्ट असते, बॉस. पुढच्या लाँग वीकेंडला मी बॅगेत एक डिजिटल थर्मामीटर आणि मोजपट्टी टाकली आणि निघाले. फुलसावंगी म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातला महागाव तालुका. मामीने दारातच विचारलं, ''काहून गं, एवढ्या दुरून भजे तळाले आली?'' हो मामी. त्यासाठीच.

शाळेतलं प्रॅक्टिकल आठवतंय?

कांदा निसटतो कसा, हे कळायला आम्हाला पहिला घाणा तळावाही लागला नाही. एक कच्ची रिंग घेतली आणि चावून पाहिली. कट् झाली, पण पूर्ण तुटली नाही. आतल्या बाजूला एक पारदर्शक पापुद्रा होता, तो तसाच ताणला गेला आणि ओढला तसा रिंगभर सोलत आला.

हा पापुद्रा आपण सगळ्यांनी पाहिलाय! शाळेच्या सायन्स प्रॅक्टिकलमध्ये कांद्याच्या पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचं पातळ साल चिमट्याने काढून काचपट्टीवर ठेवायचो आणि मायक्रोस्कोपखाली विटांसारख्या पेशी बघायचो ना, तेच हे. गुळगुळीत, ओलसर आणि चिवट. तळताना आतला गर मऊ होतो, पण हा पापुद्रा सहज हार मानत नाही. दात कवच फोडतात, गर कापतात आणि पापुद्र्यावर येऊन अडतात. मग आपण मान मागे घेतो, तो दातात अडकलेला पट्टा पूर्ण गोल रिंग सोबत ओढून आणतो. शिवाय बॅटरची आतली बाजू याच गुळगुळीत भिंतीला टेकलेली असते. तिथे धरून राहायला काहीच नाही.

दुसरं कारण म्हणजे पाणी. कांद्यात जवळजवळ ८९ टक्के पाणी असतं. गरम तेलात ते वाफ होऊन बाहेर यायला बघतं, कांदा आक्रसतो, कवच मात्र बाहेरून कडक झालेलं असतं. दोघांच्या मध्ये वाफेची फट पडते. म्हणजे कांदा कवचात चिकटलेला नसून नुसता पडलेला असतो, म्यानातल्या तलवारीसारखा. उपसायचा अवकाश!

मग फंडा क्लिअर झाला. दोनच गोष्टी करायच्या. कांदा दाताने सहज तुटेल असा करायचा आणि कवच कांद्याला घट्ट चिकटेल असं बघायचं. जाडी, पीठ, तेल हे सगळं या दोन गोष्टींसाठी.

जाडी नेमकी कुणाची?

भाऊ रिंग्ज कापत होता ३ मिलिमीटरच्या. भज्यांचा हात ना! त्याचं लॉजिक सोपं होतं, पातळ कापला की लवकर शिजेल. पहिल्या घाण्यात आम्ही मुद्दाम तशाच तळल्या. कांदा आक्रसून दोऱ्यासारखा झाला आणि तोंडात आलं ते नुसतं तळलेलं पीठ. मग उलटं टोक गाठलं, दीड सेंटिमीटरच्या जाडजूड रिंग्ज. दिसायला एकदम रेस्टॉरंटवाल्या, पण कवच सोनेरी झालं तरी कांदा करकरीत कच्चा. याच रिंग्जमधून तो सगळ्यात जास्त निसटला.

इथे एक गोष्ट मला नव्याने कळली. रिंगला दोन जाड्या असतात. एक सुरीची, म्हणजे चकती किती रुंद कापली ती. दुसरी कांद्याची स्वतःची, म्हणजे एका पाकळीची जाडी. सुरीची जाडी आपल्या हातात असते, पाकळीची नसते. कांदा किती वेळात शिजेल हे बरंचसं पाकळीवर ठरतं, कारण उष्णता दोन्ही बाजूंनी त्या कमी अंतरातून आत शिरते. सुरीची जाडी मात्र ठरवते, की पापुद्र्याचा पट्टा किती रुंद असेल आणि दातांना एका घासात किती कापावं लागेल. म्हणून फार रुंद नको आणि फार अरुंदही नको. आम्हाला जमली ती ८ मिलिमीटर. करंगळीच्या जाडीपेक्षा थोडी कमी, असं भावाने लक्षात ठेवलं.

गंमत म्हणजे १८०२ सालच्या एका इंग्रजी पाककृतीच्या पुस्तकात, जॉन मोलार्ड नावाच्या आचाऱ्याने लिहिलेल्या, कांद्याच्या अर्ध्या इंचाच्या चकत्या पिठात बुडवून तळायची कृती आहे. अर्धा इंच म्हणजे साधारण १२ मिलिमीटर. म्हणजे जाडीचा प्रश्न माझ्या कॉलमपेक्षा दोनशे वर्षांनी सिनिअर आहे.

कांदा निवडताना मोठा, साधारण १५० ग्रॅमचा, घट्ट आणि एकाच गाभ्याचा घ्या. दोन गाभे असलेल्या जोडकांद्याच्या रिंग्ज गोल निघतच नाहीत. उन्हाळी म्हणजे रब्बीचा साठवलेला कांदा जास्त बरा, कारण तो वाळलेला असतो. खरिपाचा ताजा लाल कांदा पाणी जास्त सोडतो. तो वापरायचाच असेल तर कोरडं करण्यात आळस नको. अशा एका कांद्याच्या मधल्या भागातून ५ चकत्या निघतात आणि प्रत्येकीतून बाहेरच्या ३ रिंग्ज कामाच्या. म्हणजे कांद्यामागे १५ रिंग्ज, अडीच प्लेट. मधले छोटे गोळे? ते मामीने न विचारता चिरून भज्यांत ढकलले.

पापुद्रा काढा, प्लीज!

नखाने पापुद्रा निघतो, पण ३० रिंग्ज सोलायच्या म्हणजे अख्खी दुपार गेली. तिथे कामाला आला फ्रीझर. आदल्या रात्री रिंग्ज सुट्या करून पिशवीत भरून आम्ही फ्रीझरमध्ये टाकल्या होत्या. सकाळी बाहेर काढल्या, अर्ध्या तासात त्या मऊ, लुळ्या पडल्या. भावाचा चेहरा उतरला. ''हे तं सडलेले दिसतात वं!'' पण हेच तर हवं होतं. गोठताना पाण्याचा बर्फ होतो, त्याचे स्फटिक पेशींच्या भिंती फोडतात. कांद्याचा ताठपणा तिथेच जातो, बरंच पाणी गळून जातं आणि पापुद्रा मोज्यासारखा सुटतो. एक टोक चिमटीत धरलं की सरकन् निघतो.

घरी फ्रीझर भरलेला असेल, किंवा लाइटचा भरवसा नसेल तर दुसरा उपाय आहे. उकळत्या पाण्यात अर्धं मिनिट रिंग्ज बुडवायच्या, लगेच गार पाण्यात टाकायच्या आणि मग सोलायच्या. फ्रीझरइतकं सोपं नाही, पण कच्च्यापेक्षा बरंच सोपं. दोन्हींत पुढची पायरी एकच. स्वच्छ सुती कापडावर पसरून वरून दुसऱ्या कापडाने दाबून टिपायच्या. कापड ओलं झालं तर बदलायचं. बोट फिरवल्यावर ओल लागली नाही पाहिजे. आणि कांद्याला आधी मीठ अजिबात लावायचं नाही! मीठ पाणी ओढून बाहेर काढतं आणि सगळी मेहनत वाया. मीठ पिठात जाईल.

फ्रीझरचा एक तोटा प्रामाणिकपणे सांगते. कांद्याचा करकरीतपणा जातो. ज्यांना दाताखाली कच्चट कांदा आवडतो त्यांनी हाताने सोलावं. बाकीच्यांना मऊ, गोडसर कांदा आणि कुरकुरीत कवच मिळेल, आणि साप मिळणार नाही.

बॅटर की चुरा?

आता पुठ्ठ्यावर येऊ. म्हणजे कवचावर. दोन्ही प्रकारांत पहिली पायरी कोरड्या पिठाची. टिपलेल्या रिंग्ज मैद्यात घोळवून झटकायच्या. हा थर कांद्यावरची उरलीसुरली ओल पितो आणि त्याचा चिकट लेप होतो. तोच आपला फेव्हिकॉल. मामीने मैद्याऐवजी ज्वारीचं पीठ सुचवलं, तेही छान चिकटलं. पांढरी पूड जाड दिसली तर झटका, कारण जास्तीचं पीठ सुटं राहतं आणि तिथूनच कवच सुटतं.

बॅटरसाठी दोन कांद्यांना, म्हणजे ३० रिंग्जना, ९० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम तांदळाचं पीठ, अर्धा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा मीठ आणि साधारण १५० मिलिलिटर थंडगार सोडा. तांदळाच्या पिठात ग्लुटेन नाही, त्यामुळे कवच वातड न होता कुरकुरीत होतं. सोड्यातले बुडबुडे ते हलकं करतात. सोडा शेवटी ओता आणि चार-पाच वेळाच ढवळा. गुठळ्या राहिल्या तर राहू द्या. घोटत बसलात तर बुडबुडेही जातील आणि मैदा चिवट होईल. पीठ बरोबर झालं की नाही हे बघायला रिंग बुडवून उचला. मधून कांदा उघडा दिसला तर पातळ, गोळा होऊन लोंबलं तर घट्ट. दोन-तीन सेकंदांत जास्तीचं पीठ धारेने गळून पातळ, एकसारखा थर राहिला पाहिजे.

मामीने साहजिकच विचारलं, ''बेसन काहून नाही?'' बेसनाने छान चिकटतं, पण ते लवकर तांबूस होतं आणि चव भज्याकडे जाते. मग रिंग कशाला, आपलं भजंच काय वाईट आहे? यावर घरात एकमत झालं.

चुऱ्याचं गणित वेगळं. मैदा आणि कॉर्नफ्लोअर समप्रमाणात घेऊन पाण्यात ताकाइतकं पातळ कालवायचं. अंडं चालत असेल तर अंडं, पण गाडीवर शाकाहारी गिऱ्हाईक असतं, म्हणून आम्ही हेच वापरलं. कोरडं पीठ, मग हा घोळ, मग चुरा. चुरा बेकरीच्या टोस्टचा, कुटून चाळलेला. खूप बारीक पूड नको आणि मोठे तुकडेही नकोत, जाड रव्याएवढा हवा. मासळीला रवा लावतात ना, तसं हलक्या हाताने दाबायचं. आणि मग २० मिनिटं तसंच ठेवून द्यायचं! ही पायरी सगळे खातात. या वेळात कोरडं पीठ ओलावा शोषून घेतं आणि तिन्ही थर एकजीव होतात. न थांबता तळलं, तर चुरा तेलात गळतो, तळाशी करपतो आणि पुढच्या घाण्यावर काळे ठिपके चिकटतात.

मामी विरुद्ध थर्मामीटर

तेल तापत ठेवलं. कढईत लिटरभर रिफाइंड सोयाबीन तेल. मी थर्मामीटर काढला. मामीने पिठाचा एक थेंब टाकला आणि म्हणाली, ''अजून नाही.'' थेंब तळाशी जाऊन बसला आणि सावकाश वर आला. मीटरवर १५५. थोड्या वेळाने पुन्हा थेंब. या वेळी तो अर्ध्यापर्यंत गेला आणि चरचरत लगेच वर उसळला. ''टाक आता.'' मीटरवर १७९! मग मी मुद्दाम तेल आणखी तापू दिलं. थेंब आत गेलाच नाही, वरच पसरला आणि बघता बघता तांबडा. मीटर, २०० च्या पुढे. मॅच मामीने जिंकली. भावाला मीटरची गरज उरली नाही.

हे आकडे इतके महत्त्वाचे का? १६० च्या खाली कवच सेट व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात ओलं पीठ रिंगवरून घसरतं आणि तेल पितं. १९० च्या वर मिनिटभरात बाहेरून मस्त रंग येतो, आपण खूश होऊन बाहेर काढतो आणि कांदा आत कच्चाच असतो. कच्चा कांदा म्हणजे न तुटणारा कांदा, म्हणजे पुन्हा साप. भावाच्या गाडीवर नेमकं हेच होत होतं. भज्यांची घाई, शेगडी फुल्ल, रंग आला की प्लेट.

बॅटरच्या रिंग्ज १८० ला टाका, दोन ते अडीच मिनिटं, मध्ये एकदा उलटा. चुऱ्याच्या १७० ला, कारण टोस्ट आधीच भाजलेला असतो आणि लवकर काळा पडतो. त्यांना दोन मिनिटं पुरे. लिटरभर तेलात एका वेळी चारच रिंग्ज. आम्ही एकदा आठ टाकून बघितल्या, तेल १८० वरून १५० च्या खाली उतरलं आणि सगळ्या तेलकट झाल्या. झालं की नाही हे कानाने कळतं. सुरुवातीचा जोराचा चरचराट म्हणजे निघणारी वाफ. तो मंदावला की कांद्यातलं बरंच पाणी गेलं, काढा. काढून जाळीवर ठेवा. कागदावर ठेवलं की खालची वाफ अडकते आणि तो भाग मऊ पडतो.

निकाल

संध्याकाळी टेस्ट घेतली. परीक्षक भावाचे दोन मित्र, त्याच 'साप भजे' गँगमधले. जुन्या पद्धतीच्या सहा रिंग्जमधून पाच वेळा कांदा बाहेर. पापुद्रा काढून, ८ मिलिमीटर कापून, बॅटरमध्ये १८० ला तळलेल्या सहांमधून एकदा. ती एक रिंग मी सोलायची विसरले होते की काय, देव जाणे! चुऱ्याच्या सहांमधून एकदाही नाही.

चवीला मला बॅटरवाली जास्त आवडली. हलकी, हवेसारखी. पण ती पाच मिनिटांतच खायला हवी, नंतर मऊ पडते. शिवाय सोड्याचं पीठ फार वेळ ठेवता येत नाही. घरी, चार मित्र ओट्याभोवती उभे आहेत आणि कढईतून थेट प्लेटमध्ये येतंय, तेव्हा बॅटर. गाडीवर मात्र भावाने चुरा निवडला. दुपारी रिंग्ज तयार करून ठेवता येतात, संध्याकाळी गर्दीत फक्त तळायच्या आणि कवच जास्त वेळ टिकतं. फक्त दर दोन-तीन घाण्यांनी तेलातला पडलेला चुरा बारीक जाळीने काढायचा, एवढी शिस्त हवी.

''मग मोठ्या कंपन्यांच्या पाकिटातल्या रिंग्ज सगळ्या एकसारख्या कशा?'' भावाने विचारलं. त्यातल्या काही खरं तर रिंग्ज नसतातच. बारीक चिरलेला कांदा समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटमध्ये मिसळतात, त्याला रिंगचा आकार देतात आणि कॅल्शियमच्या द्रावणाने घट्ट करतात. त्यात पापुद्र्याचा गोल पट्टाच नसतो, त्यामुळे प्रत्येक घासाला तुकडा सरळ तुटतो. कंपन्यांनीही निसटणाऱ्या कांद्यावर तोडगा काढला, पण कांदाच तोडून!

निघायच्या दिवशी भावाने पाटी परत रंगवली. किंमत तीच, ४०. खाली बारीक अक्षरांत नवी ओळ होती, 'साप निघाल्यास पैसे परत'. मी म्हटलं, अरे, एवढी गॅरंटी देऊ नको! तो हसून म्हणाला, ''निघाला तं पैसे तू देजो ना, ताई. रेसिपी तुही होय.''

दोन आठवडे झालेत. अजून तरी फोन आलेला नाही.